भाड्यात दडलेलं व्याज: फायनान्स लीजचा खरा दर कसा काढायचा

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपला सीएनसी लेथ घ्यायचंय. मशीनची किंमत १२,००,००० रुपये. मालकाला एवढी रक्कम एकदम गुंतवायची नाही, म्हणून तो लीज कंपनीकडे जातो. तिथून एक कागद हातात येतो: मुदत पाच वर्षं, भाडं दरवर्षी ३,२०,००० रुपये, जीएसटी वेगळा. देखभाल, विमा सगळं वर्कशॉपकडे. अशा कागदावर व्याजाचा दर बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो, कारण हे कर्ज नाही, भाडं आहे.

मालक कॅल्क्युलेटर काढतो. पाच वर्षांत १६ लाख द्यायचे, मशीन १२ लाखांचं, म्हणजे वरचे चार लाख. वर्षाला ८०,०००. बारा लाखांवर ८०,००० म्हणजे ६.६७ टक्के. बँक तर ११ टक्क्यांच्या खाली बोलत नाही, मग लीज स्वस्तच पडली की! हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्यात काही चुकलंय असा संशयही येत नाही. पण याच लीजचा खरा दर १०.४२ टक्के आहे, तोही भाडं प्रत्येक वर्षाच्या शेवटी द्यायचं असेल तर. तेच भाडं वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं ठरलं, तर एका पैचाही फरक न पडता दर १६.८८ टक्क्यांवर जातो. हे आकडे कुठून येतात ते एकदा स्वतः करून पाहिलं की लीजचा कागद वाचण्याची नजरच बदलते. म्हणून सावकाश करू.

आधी फायनान्स लीज म्हणजे काय ते. वस्तूची मालकी कागदोपत्री लीज कंपनीकडे राहते, पण मालकीबरोबर येणारे फायदे आणि जोखीम जवळजवळ पूर्णपणे वापरणाऱ्याकडे जातात. मशीनच्या उपयोगी आयुष्याचा मोठा भाग लीजमध्येच संपतो, बिघडलं तर खर्च वापरणाऱ्याचा, बंद पडून राहिलं तरी भाडं द्यावंच लागतं. चार दिवसांसाठी जेसीबी भाड्याने आणला तर ते साधं भाडं. इथे मात्र लीज कंपनीने खरं तर मशीनच्या रूपात पैसे उसने दिलेत. म्हणून इंड एएस ११६ या हिशेबाच्या मानकानुसार लीज कंपनी आपल्या वह्यांत मशीन दाखवत नाही, वर्कशॉपकडून येणं दाखवते. आणि येणं दाखवलं की प्रश्न उभा राहतो: आलेल्या ३,२०,००० मधलं व्याज किती आणि मुद्दल किती? ते वेगळं करायला दर लागतो. कागदावर तो नाही, पण किंमत आणि भाडी यांच्यात तो दडलेला आहे. यालाच लीजमधला अंतर्निहित व्याजदर म्हणतात. बोलताना सगळे इम्प्लिसिट रेटच म्हणतात.

आता ६.६७ का चुकलं ते पाहू. त्या हिशेबात असं गृहीत धरलंय की वर्कशॉपकडे पाचही वर्षं पूर्ण बारा लाख वापरायला होते. तसं नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी ३,२०,००० परत गेले. त्यातलं थोडं व्याज, पण बरंचसं मुद्दल. दुसऱ्या वर्षी वापरात राहिलेली रक्कम दहा लाखांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी आठ, शेवटच्या वर्षी जेमतेम तीन. पाच वर्षांची सरासरी काढली तर वापरात असलेली रक्कम आठ लाखांच्याही खाली येते. व्याज मात्र आपण बारा लाखांवर मोजत बसलो. वाहनकर्जाच्या जाहिरातीत ज्याला फ्लॅट रेट म्हणतात तो हाच.

खरा दर शोधायचा तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो: असा कोणता दर आहे, की त्या दराने येणाऱ्या पाचही भाड्यांची आजची किंमत काढली आणि ती एकत्र केली, तर बरोबर बारा लाख भरतील? आजची किंमत म्हणजे पुढे मिळणाऱ्या रुपयाची आत्ताची किंमत. दहा टक्के दर धरला, तर वर्षाने मिळणारा एक रुपया आज ०.९०९१ रुपयाइतका, कारण ०.९०९१ आज ठेवले तर वर्षाने त्याचा एक रुपया होतो. दोन वर्षांनी मिळणारा रुपया आज ०.८२६४, मग ०.७५१३, ०.६८३०, ०.६२०९. या पाचांची बेरीज ३.७९१. म्हणजे दहा टक्के दराने, पाच वर्षं दर वर्षअखेर एक रुपया मिळण्याचा हक्क आज ३.७९१ रुपयांचा आहे.

इथे एक सोय आहे. भाडं दरवर्षी सारखंच असल्यामुळे प्रत्येक हप्त्याचा वेगळा हिशेब करायला नको. किंमत भागिले भाडं केलं की पुरे:

१२,००,००० ÷ ३,२०,००० = ३.७५

म्हणजे ज्या दराला पाच वर्षांची बेरीज ३.७५ येते, तोच आपला दर. कॉमर्सच्या पुस्तकांच्या शेवटी अॅन्युइटीचे तक्ते असतात, त्यात पाच वर्षांच्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकायचं. १० टक्क्यांखाली ३.७९१, ११ टक्क्यांखाली ३.६९६. आपला ३.७५ या दोघांच्या मध्ये आहे. दर जसा वाढतो तशी बेरीज कमी होते, हे लक्षात असू द्या. परीक्षेत इथेच घाई होते आणि उत्तर उलट्या बाजूला जातं.

मधला दर काढायला प्रमाण लावायचं. १० ते ११ टक्के जाताना बेरीज ०.०९५ ने उतरते. आपल्याला ३.७९१ पासून ३.७५ पर्यंत, म्हणजे ०.०४१ उतरायचंय. ०.०४१ भागिले ०.०९५ म्हणजे ०.४३. दर १०.४३ टक्के. एक्सेलला विचारलं तर ते १०.४२ सांगतं:

```
=RATE(5,-320000,1200000)
```

हा ०.०१ चा फरक म्हणजे आपली चूक नव्हे. दर आणि आजची किंमत यांचं नातं सरळ रेषेचं नाही, थोडं वाकलेलं आहे. आपण दोन टोकांमध्ये सरळ रेष ओढली, म्हणून आपलं उत्तर किंचित जास्त येतं. टोकं जितकी लांबची घ्याल तितकी ही वाढ जास्त. ८ आणि १४ टक्के घेऊन मधला दर काढण्यापेक्षा एकेका टक्क्याचं अंतर ठेवलेलं बरं. सूत्रातल्या चिन्हांकडेही लक्ष हवं. मिळालेली रक्कम अधिक, दिलेली वजा. दोन्हींना एकच चिन्ह दिलं तर एक्सेल `#NUM!` दाखवून मोकळं होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: मिळालेला दर पडताळून पाहणं. दर बरोबर असेल तर त्या दराने व्याज लावत आणि भाडं वजा करत गेलं की शेवटच्या हप्त्याला येणं शून्य व्हायलाच हवं. १०.४२४८ टक्के घेऊन करू या:

| वर्ष | सुरुवातीचं येणं | व्याज | भाडं | मुद्दल | उरलेलं येणं |
|---|---|---|---|---|---|
| १ | १२,००,००० | १,२५,०९८ | ३,२०,००० | १,९४,९०२ | १०,०५,०९८ |
| २ | १०,०५,०९८ | १,०४,७७९ | ३,२०,००० | २,१५,२२१ | ७,८९,८७७ |
| ३ | ७,८९,८७७ | ८२,३४३ | ३,२०,००० | २,३७,६५७ | ५,५२,२२० |
| ४ | ५,५२,२२० | ५७,५६८ | ३,२०,००० | २,६२,४३२ | २,८९,७८८ |
| ५ | २,८९,७८८ | ३०,२१० | ३,२०,००० | २,८९,७९० | जवळपास ० |

दोन रुपयांचा फरक दशांशांमुळे. व्याजाच्या रकान्याची बेरीज करा, चार लाख येते, मालकाच्या कॅल्क्युलेटरवर होते तेच चार लाख. वाद एकूण रकमेचा नव्हताच. ती पाच वर्षांत कशी पसरते याचा होता. लीज कंपनी पहिल्या वर्षी ८०,००० नव्हे तर १,२५,०९८ उत्पन्न दाखवते आणि शेवटच्या वर्षी फक्त ३०,२१०. कारण पहिल्या वर्षी तिचे पैसे जास्त अडकलेले होते.

आता भाडं कधी द्यायचं हा मुद्दा. लीजमध्ये भाडं आगाऊ घेण्याची पद्धत सर्रास आहे. करारावर सही झाली, मशीन आलं, त्याच दिवशी पहिलं भाडं. कागदावर एवढंच लिहिलेलं असतं की भाडं 'अॅडव्हान्समध्ये देय'. वाचताना डोळे त्यावरून निसटून जातात. पण विचार करा, लीज कंपनीने बारा लाखांचं मशीन दिलं आणि त्याच दिवशी ३,२०,००० परत घेतले. मग तिने खरे किती गुंतवले? ८,८०,०००. आणि त्या बदल्यात यापुढे येणार चार भाडी, पाच नव्हेत.

८,८०,००० ÷ ३,२०,००० = २.७५

चार वर्षांच्या ओळीत १६ टक्क्यांखाली २.७९८ आणि १७ टक्क्यांखाली २.७४३. मधलं प्रमाण काढलं की दर १६.८८ च्या अगदी जवळ येतो. एक्सेलमध्ये शेवटी १ लिहिला की भाडं सुरुवातीला आहे हे त्याला कळतं:

```
=RATE(5,-320000,1200000,0,1)
```

चार लाखांचं व्याज तेच आहे. पण ते आता ८,८०,००० वर आणि चारच वर्षांत कमावलं जातंय, म्हणून दर एवढा उसळतो.

इथली नेहमीची चूक अशी: भाडं आगाऊ आहे हे विसरून पाच वर्षांच्या ओळीतच ३.७५ शोधायचं आणि १०.४२ वर थांबायचं. चूक कळते ती वरच्यासारखा तक्ता मांडल्यावर. ८,८०,००० वर १०.४२ टक्के व्याज लावत, दरवर्षी ३,२०,००० वजा करत गेलात, तर शेवटच्या भाड्यानंतर येणं शून्य होत नाही, वजा १,८६,१२५ होतं. म्हणजे त्या दराने जितकं यायला हवं त्यापेक्षा पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम आली. शेवटचा आकडा वजा आला तर धरलेला दर कमी आहे, अधिक उरला तर जास्त. १६.८८ टक्क्यांनी करून पाहा, बाकी शून्याच्या आसपास येते.

वर्षाकाठी भाडं ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट झाली. बाजारात भाडं महिन्याचं असतं आणि बोलणंही त्याच भाषेत होतं. 'बावीस बावीस पीटीपीएम' असं कुणी म्हणालं तर अर्थ असा की मशीनच्या किमतीतल्या दर हजार रुपयांमागे दरमहा २२ रुपये २२ पैसे. बारा लाखांवर ते होतात २६,६६७ च्या घरात, म्हणजे तेच वर्षाचे ३,२०,०००, बारा भागांत वाटलेले. या भाषेची एक गंमत म्हणजे भागाकार आधीच होऊन आलेला असतो: १,००० भागिले २२.२२ म्हणजे ४५. आता ६० महिन्यांच्या ओळीत ४५ शोधायचे. महिना एक टक्क्याला ही बेरीज ४४.९५५ आहे, म्हणजे आपला दर एक टक्क्याच्या किंचित खाली, महिन्याला ०.९९६ टक्के. बाराने गुणलं तर ११.९६. पण महिन्याचं व्याज पुढच्या महिन्यात मिसळतं, ते धरलं तर वर्षाचा खरा दर १२.६३ टक्के. दोन लीजची तुलना करताना एकीकडे ११.९६ च्या जातीचा आकडा आणि दुसरीकडे १२.६३ च्या जातीचा, अशी सरमिसळ होऊ देऊ नका. तीच १६ लाखांची भाडी वर्षअखेर दिली तर १०.४२, महिनाअखेर दिली तर १२.६३, वर्षाच्या सुरुवातीला दिली तर १६.८८.

या सगळ्यात जीएसटी कुठेच धरलेला नाही, कारण तो लीज कंपनीची कमाई नाही. ती तो गोळा करून सरकारकडे भरते. भाड्याच्या बिलावरची पूर्ण रक्कम धरून दर काढला तर तो उगाच फुगतो.

आतापर्यंत आपण मानलं की पाच वर्षांनी मशीनची किंमत काहीच उरत नाही. पण लेथ पाच वर्षांत भंगार होत नाही. लीज कंपनी ते परत घेते आणि जुन्या मशीनच्या बाजारात विकते. तिचा अंदाज असा की १,२०,००० सुटतील. हे पैसे वर्कशॉपने द्यायचे नाहीत, त्यांची हमी कुणी घेतलेली नाही, म्हणून याला बिनहमीचं शिल्लक मूल्य म्हणतात. पण कंपनी भाडं ठरवताना हे धरूनच चालते, त्यामुळे इम्प्लिसिट रेटच्या व्याख्येतही ते येतं: भाडी आणि बिनहमीचं शिल्लक मूल्य, दोन्हींची आजची किंमत मिळून बारा लाख व्हायला हवी.

आता नुसत्या भागाकाराने भागत नाही, कारण शेवटची रक्कम वेगळी आहे. पण ३.७५ वरून आलेला १०.४२ टाकून द्यायचा नाही. तोच सुरुवातीचा खांब. शिल्लक मूल्य म्हणजे वरकड मिळणारे पैसे, तेव्हा खरा दर याहून वरच असणार. म्हणून १२ टक्क्यांनी करून बघू. भाड्यांची आजची किंमत ११,५३,५२८, शिल्लक मूल्याची ६८,०९१, एकूण १२,२१,६१९. बारा लाखांपेक्षा जास्त आली, म्हणजे दर अजून वाढवायला हवा. १३ टक्क्यांनी एकूण ११,९०,६४५ येते, आता कमी पडली. दोन्हींत अंतर ३०,९७४ चं. त्यातलं २१,६१९ उतरायचंय. दर १२.७०, एक्सेलच्या मते १२.६९:

```
=RATE(5,320000,-1200000,120000)
```

(या वेळी लीज कंपनीच्या बाजूने मांडलंय, म्हणून मशीनची किंमत वजा आणि येणाऱ्या रकमा अधिक.)

म्हणजे पाच वर्षांनंतरच्या १,२०,००० नी दर सव्वादोन टक्क्यांनी वर नेला. त्याच्या उलट दिशेला ओढतो तो करार जुळवून आणण्याचा खर्च: दलाली आणि असा इतर खर्च, जो हा करार झालाच नसता तर करावा लागला नसता. तो १८,००० झाला तर कंपनीची गुंतवणूक १२,१८,००० आणि दर १२.१ टक्क्यांच्या आसपास. ऑफिसचं भाडं किंवा पगारी सेल्समनचा पगार यात धरायचा नाही, तो करार होवो न होवो द्यावाच लागतो.

आता भोसरीच्या मालकाच्या जागी बसून बघा. त्याला काय दिसतं? बारा लाख आणि ३,२०,०००. मशीनचं पाच वर्षांनी काय येईल असं कंपनीने धरलंय, ते त्याला कुणी सांगत नाही. दलालीही नाही. मशीनच्या विक्रेत्याने कंपनीला आतून सूट दिली असेल तर तीही कळत नाही. त्यामुळे तो फार तर १०.४२ पर्यंत पोचतो, आणि बँकेच्या ११ टक्क्यांशी तुलना करून म्हणतो, लीज अर्ध्या टक्क्याने स्वस्त. ही तुलना मला फसवी वाटते, कारण दोन्हीकडे शेवटी हातात उरणारी वस्तू सारखी नाही. कर्ज फिटलं की लेथ त्याचं. ते विकून आलेले पैसे त्याचे. लीज संपली की लेथ कंपनीचं. सोडून दिलेले ते १,२०,००० सुद्धा त्याने लीजसाठी मोजलेली किंमतच आहे. ते धरलं तर लीजचा दर १२.६९, आणि ११ टक्क्यांचं कर्ज स्वस्त. पाच वर्षांनी लेथचं काहीच येणार नाही अशी त्याची खात्री असेल, तरच १०.४२ हा आकडा त्याच्या कामाचा.

मानक लिहिणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. इंड एएस ११६ वापरणाऱ्याला सांगतं की इम्प्लिसिट रेट सहज ठरवता येत असेल तर तो वापर, नाहीतर तशीच वस्तू घ्यायला, तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर तुला ज्या दराने कर्ज मिळालं असतं तो दर वापर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा दुसरा दरच लावावा लागतो.

बारा लाख या आकड्याबद्दलही एक सांगायला हवं. लीज देणारा स्वतःच मशीनचा उत्पादक असेल, तर त्याचा बनवण्याचा खर्च समजा साडेनऊ लाख असतो. दर काढताना साडेनऊ नाही धरायचे, बाजारात रोखीने मशीन जेवढ्याला गेलं असतं ती वाजवी किंमत धरायची. नाहीतर मशीन विकल्याचा नफा व्याजात मिसळतो आणि दर भलताच मोठा दिसतो. त्याचा मधला अडीच लाखांचा नफा हा विक्रीचा नफा, तो पहिल्याच दिवशी वेगळा दाखवायचा. उलट बाजूनेही गडबड होते. ग्राहक ओढायला उत्पादक नावापुरता व्याजदर लावतो आणि किंमत चढी ठेवतो. अशा वेळी मानक म्हणतं की विक्रीचा नफा बाजारातल्या व्याजदराने हिशेब करून जेवढा निघेल तेवढाच दाखवा. आणि उत्पादकाचा करार मिळवण्याचा खर्च दरात जात नाही, विक्रीच्या खर्चात जातो.

भाडी सारखी नसतील, पहिली दोन वर्षं कमी आणि पुढे जास्त, तर `RATE` उपयोगी पडत नाही. एका ओळीत सगळ्या रकमा मांडायच्या, पहिल्या घरात वजा किंमत, आणि `IRR` लावायचं. शेवटच्या भाड्याच्या घरातच शिल्लक मूल्य मिळवायचं, वेगळं घर केलं तर एक्सेल ते सहाव्या वर्षी आलं असं समजतं आणि दर खाली येतो.

या दराची एक मर्यादा लक्षात असू द्या. हा करापूर्वीचा दर आहे. लीज कंपनीच्या वह्यांतून मशीन गेलं तरी प्राप्तिकरात घसारा कुणाला मिळणार हा वेगळाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस या वित्त कंपनीच्या प्रकरणात मालक म्हणून लीज कंपनीला ट्रकांवरचा घसारा मान्य केला. तो फायदा तिच्या खऱ्या कमाईत येतो, पण १२.६९ मध्ये कुठेच दिसत नाही.

दर एकदा ठरला की तो लीज संपेपर्यंत तोच. पण ज्या अंदाजावर तो उभा आहे तो अंदाज बदलू शकतो. समजा तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जुन्या लेथचा बाजार पडला आणि कंपनीला दिसलं की १,२०,००० नव्हे, ७०,०००च येतील. मग १२.६९ टक्के नव्याने काढायचे नाहीत. कमी पडणाऱ्या ५०,००० ची, उरलेल्या दोन वर्षांसाठी, त्याच दराने आजची किंमत काढायची: ५०,००० भागिले १.१२६९ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३९,३७०. तेवढी रक्कम कंपनी त्याच वर्षी तोटा म्हणून लिहिते आणि येण्यातून वजा करते. पुढची दोन वर्षं कमी झालेल्या येण्यावर व्याज त्याच १२.६९ टक्क्यांनी, आणि शेवटचं भाडं आल्यावर वहीत उरतात बरोबर ७०,०००, शेडमध्ये परत आलेल्या त्या लेथच्या नावावर.